‘इथे दिसतंय तसं’ म्हणण्याआधी

‘आता इथे दिसतंय तसं, हे प्रमाण गेल्या काही वर्षांत कसं बदललं ते बघा,’ असं म्हणून वक्ता पुढच्या स्लाइडकडे वळतो. सभागृहातल्या दृष्टिबाधित श्रोत्याला एवढंच कळतं की काहीतरी बदललं. काय बदललं, किती बदललं, वर गेलं की खाली आलं, हे पडद्यावरच राहून जातं. तीच पीपीटी त्याने आधी मागवून घेतली आणि घरी लॅपटॉपवर स्क्रीन रीडर लावून उघडली, तरी बहुतेक वेळा फारसं काही हाती लागत नाही. कानावर पडतं ते साधारण असं: ‘स्लाइड सहा. पिक्चर फोर. टेक्स्टबॉक्स नाइन, 2011. स्ट्रेट अ‍ॅरो कनेक्टर फोर्टीन.’

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर चालणारं एनव्हीडीए हे त्यातलं मोफत मिळणारं आणि आपल्याकडेही वापरलं जाणारं नाव. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 साली त्याचं काम सुरू केलं. ते दोघेही स्वतः अंध. एनव्हीडीए मराठीही वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतंच. हे सगळे अक्षरं वाचतात. चित्रापाशी आले की त्या चित्राला कुणी शब्द जोडले आहेत का ते पाहतात. हे जोडलेले शब्द म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. ते नसतील तर चित्राला संगणकाने आपोआप दिलेलं ‘पिक्चर फोर’ असं नाव वाचून पुढे जातात. त्यांचा इलाज नसतो.

दृष्टिबाधितांना समजेल अशी पीपीटी पहिल्यापासून कशी बनवावी, यावर बरंच सांगता येईल. पण प्रत्यक्षात समोर येते ती आधीच तयार असलेली, चार जणांनी चार वेळा बदललेली, पुढच्या आठवड्यात वापरायची पीपीटी. ती नव्याने बनवायला वेळ नसतो. तिचं काय करायचं, हे एका नमुन्यावरून पाहू.

समजा, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एका संस्थेने ‘महाराष्ट्रातल्या मुली: जन्म आणि शिक्षण’ नावाची 12 स्लाइडची पीपीटी केली आहे. पीपीटी कल्पित, पण तिच्यातले आकडे जनगणनेतले, खरे. सुरुवातीला सावित्रीबाई फुले यांचं चित्र, मध्ये साक्षरतेचा आलेख, पुढे जिल्ह्यांचा रंगीत नकाशा, शेवटी ‘तुमच्या शाळेत काय करता येईल’ हे दाखवणारी चौकटी आणि बाणांची आकृती. प्रशिक्षणाला येणाऱ्यांत दोन शिक्षक दृष्टिबाधित आहेत.

चित्रांकडे वळण्याआधी पाहायचं ते अक्षरांकडे. मराठी पीपीटीतला सर्वांत मोठा अडथळा बऱ्याचदा इथेच असतो. जुन्या पीपीटीत मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा सुरेख अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना तो सुरेख देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची अर्थहीन रांग असते आणि स्क्रीन रीडर तीच रांग बोलून दाखवतो. ओळखायची रीत सोपी आहे. स्लाइडवरचं एखादं वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. तिचा चिन्हांचा काला झाला, तर आधी सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागेल आणि जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी यांसाठी तो पुन्हा वाचावा लागेल. हे केल्याशिवाय चित्रांची कितीही सुंदर वर्णनं लिहिली तरी ती निरर्थक बडबडीच्या मध्ये अडकून पडतील.

दुसरी तपासणी शीर्षकांची. पॉवरपॉइंटमध्ये ‘View’ खाली ‘Outline View’ उघडा. डावीकडे प्रत्येक स्लाइडचं शीर्षक आणि मजकूर दिसायला हवा. जिथे शीर्षक डोळ्यांना दिसतं पण या यादीत रिकामी जागा आहे, तिथे कुणीतरी शीर्षकाची नेमलेली जागा पुसून वेगळ्या टेक्स्टबॉक्समध्ये मोठी अक्षरं लिहिलेली असतात. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस शीर्षकांवरून स्लाइड शोधतो. 12 पैकी सात स्लाइडना शीर्षकच नसेल किंवा चार स्लाइडचं शीर्षक नुसतं ‘साक्षरता’ असेल, तर त्याला प्रत्येक स्लाइड आत शिरून ऐकावी लागते. म्हणून प्रत्येकीला शीर्षक हवं आणि प्रत्येकीचं वेगळं हवं. मांडणीच्या दृष्टीने ते पडद्यावर नको असेल, तर अदृश्य शीर्षक ठेवण्याचीही सोय पॉवरपॉइंटमध्ये आहे.

तिसरी गोष्ट वाचनाच्या क्रमाची. आपली नजर वरून खाली, डावीकडून उजवीकडे जाते. पॉवरपॉइंट मात्र सहसा ज्या क्रमाने वस्तू स्लाइडवर ठेवल्या गेल्या, तो क्रम धरतं. शेवटच्या क्षणी वर टाकलेलं उपशीर्षक म्हणूनच सगळ्यांच्या शेवटी ऐकू येतं. Alt+F10 दाबलं की ‘Selection Pane’ उघडतं. त्यातली यादी खालून वर वाचायची असते. सर्वांत खालची वस्तू आधी बोलली जाते. इथे वस्तू वरखाली सरकवून क्रम लावता येतो. मात्र हाच क्रम कोण कुणाच्या वर दिसणार हेही ठरवतो. पार्श्वभूमीचा मोठा रंगीत चौकोन यादीत वर गेला तर मजकूरच झाकला जाईल. म्हणून प्रत्येक बदलानंतर स्लाइडकडे एक नजर टाकावी.

एवढं झालं की चित्रं. चित्रावर उजवं क्लिक करून ‘View Alt Text’ निवडलं की लिहायची चौकट उघडते. तिथे टाइप करणं सोपं आहे. काय टाइप करायचं, हा अवघड भाग आहे.

सावित्रीबाईंच्या चित्राचंच पाहा. ते पहिल्या स्लाइडवर नुसतं कोपऱ्यात सजावटीसाठी असेल, तर ‘Mark as decorative’ या खुणेवर टिक करावी. मग स्क्रीन रीडरला कळतं की इथे सांगण्यासारखं काही नाही. पण स्लाइडचा विषयच 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा हा असेल, तर ते चित्र विषयाचा भाग आहे आणि ‘सावित्रीबाई फुले यांचं रंगचित्र’ एवढं पुरे. सावित्रीबाईंच्या चित्रांची परंपरा हाच व्याख्यानाचा विषय असेल, तर लुगडं, कुंकू, हातातलं पुस्तक, रंग, चेहऱ्याचा कल, सगळं सांगावं लागेल. चित्र तेच राहतं, शब्द तीन तऱ्हांचे होतात. म्हणून ऑल्ट टेक्स्ट लिहिणाऱ्याने आधी विचारायचा प्रश्न असा: हे चित्र वक्त्याने इथे का ठेवलं? ते काढून टाकलं तर श्रोत्याचं काय चुकेल? जे चुकेल ते लिहायचं.

सुरुवातीला ‘हे एक चित्र आहे’ लिहू नये. चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. माणसांच्या छायाचित्रात त्यांची जात, धर्म, मनःस्थिती तर्काने ठरवू नये. ‘पाच-सहा मुली बाकांवर बसून फळ्याकडे पाहत आहेत’ हे दिसतं, ‘उज्ज्वल भविष्याची स्वप्नं पाहणाऱ्या मुली’ हे दिसत नाही. आणि लांबी एक-दोन वाक्यांची ठेवावी. याचं कारण तांत्रिक आहे. साधा मजकूर श्रोता ओळीओळीने, शब्दाशब्दाने मागेपुढे जाऊन ऐकू शकतो. ऑल्ट टेक्स्ट सहसा एका दमात बोललं जातं. मध्ये एक आकडा निसटला तर पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. दहा ओळींचं ऑल्ट टेक्स्ट म्हणूनच छळ होतो. लांब वर्णनाची जागा दुसरीकडे आहे, तिच्याकडे मी येतोच.

आता आमच्या नमुन्यातली सहावी स्लाइड. तिच्यावर दोन रेषांचा आलेख आहे. निळी रेषा पुरुषांच्या साक्षरतेची, तांबडी स्त्रियांची. आडव्या अक्षावर 1991, 2001, 2011 या जनगणना, उभ्यावर टक्के. शीर्षक ‘साक्षरता’. आलेखाचं चित्र करून चिकटवलेलं आहे, ऑल्ट टेक्स्ट नाही.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण लिहितात: ‘साक्षरतेचा आलेख’. यातून श्रोत्याला काहीच मिळत नाही. मग उत्साहाने दुसऱ्या टोकाला जाऊन लिहितात: ‘निळी रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते, तिच्याखाली तांबडी रेषा आहे, तीही चढते, जाळीच्या रेषा करड्या रंगाच्या आहेत.’ हे सगळं खरं आहे, पण वक्त्याला रेषांच्या रंगाविषयी बोलायचं नव्हतं. त्याला काय म्हणायचं होतं ते आकड्यांत पाहावं लागतं. महाराष्ट्रात 1991 साली पुरुषांची साक्षरता 76.56 टक्के आणि स्त्रियांची 52.32 टक्के होती. 2001 साली 85.97 आणि 67.03. 2011 साली 88.38 आणि 75.87. वजाबाकी केली की स्लाइडचा गाभा हाती येतो: 24 टक्क्यांचं अंतर आधी 19 वर आणि मग साडेबारावर आलं. वीस वर्षांत जवळजवळ निम्मं. हे शब्दांत आल्यावर ऑल्ट टेक्स्ट असं होतं:

‘रेषालेख. महाराष्ट्रातील पुरुष व स्त्री साक्षरता, जनगणना 1991 ते 2011. दोन्ही वाढतात, पण स्त्रियांची अधिक वेगाने. दोहोंतलं अंतर 24 टक्क्यांवरून सुमारे साडेबारा टक्क्यांवर येतं. सर्व आकडे सोबतच्या वर्णनात.’

आणि ‘साक्षरता’ हे मोघम शीर्षक बदलून ‘स्त्री-पुरुष साक्षरतेतलं अंतर निम्म्यावर’ असं करावंसं वाटतं. ते करण्याआधी वक्त्याला विचारायला हवं. असं विचारायची वेळ या कामात वारंवार येते. वर्णन लिहिता लिहिता कळतं की स्लाइडला नेमकं काय म्हणायचं आहे हे तिथे लिहिलेलंच नव्हतं. कधी त्याहून गंभीर गोष्ट सापडते. या आलेखात उभा अक्ष शून्यापासून सुरू न होता 50 पासून सुरू होत असेल, तर 1991 मधला स्त्रियांचा बिंदू जवळजवळ तळाला टेकलेला दिसतो आणि वाढ आहे त्याहून नाट्यमय भासते. पाहणाऱ्यांवर हा परिणाम नकळत होतो. वर्णन लिहिणाऱ्याने आकडे दिले की ऐकणाऱ्याला तो फसवा चढ जाणवत नाही. माझ्या मते तो तसा जाणवूही नये. वर्णन आकड्यांशी प्रामाणिक असावं आणि अक्ष 50 पासून सुरू होतो हे वक्त्याला स्वतंत्रपणे सांगावं.

आठव्या स्लाइडवरच्या नकाशाला हीच कसोटी लावावी. 2011 च्या जनगणनेतलं शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण जिल्हावार दाखवलं आहे, हिरव्यापासून तांबड्यापर्यंत. तेव्हाच्या 35 जिल्ह्यांची यादी ऑल्ट टेक्स्टमध्ये घातली तर ती कुणाच्याही लक्षात राहणार नाही. नकाशा पाहणारा माणूसही 35 रंग वाचत नाही. तो तांबडा कुठे साचलाय ते पाहतो. तेच सांगावं: ‘राज्याचं प्रमाण 894. सर्वांत कमी बीडमध्ये, 807. पूर्व विदर्भातले गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर हे जिल्हे सरासरीच्या बरेच वर.’ ‘तांबडे जिल्हे’ असा उल्लेख वर्णनात नको. तो अल्पदृष्टी असलेल्यांना आणि तांबडा-हिरवा वेगळा न ओळखता येणाऱ्या डोळस श्रोत्यांनाही उपयोगाचा नाही.

बाणांच्या आकृतीत अडचण निराळी असते. चौकटींतला मजकूर स्क्रीन रीडर वाचतो, पण कुठली चौकट कुठल्या चौकटीकडे नेते हे बाण सांगतात आणि बाण मुके असतात. प्रत्येक बाणाला ‘उजवीकडे बाण’ असं ऑल्ट टेक्स्ट दिलं तर ऐकताना गोंधळ वाढतो. बाण सजावटी म्हणून नोंदवावेत, चौकटींचा क्रम लावावा, सगळ्यांचा एक गट करावा आणि गटाला एक वाक्य द्यावं: ‘चार टप्पे, एकामागून एक: गैरहजेरीची नोंद, घरी भेट, पालकसभा, तीन महिन्यांनी आढावा, आढाव्यातून पुन्हा नोंदीकडे.’ शेवटचा उलटा बाण सांगायला लोक विसरतात आणि मग चक्राची सरळ रेषा होते.

आता त्या लांब वर्णनाकडे. पीपीटीसोबत एक साधी वर्ड फाइल तयार करावी. तिच्यात प्रत्येक स्लाइडसाठी एक मथळा, वर्डमधली ‘Heading’ ही शैली लावून, म्हणजे श्रोता एका कळीने स्लाइड सहावरून सातवर उडी मारू शकेल. मथळ्याखाली आधी एका वाक्यात स्लाइडचा मुद्दा, मग पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा, मग चित्राचं सविस्तर वर्णन. सहाव्या स्लाइडचं असं होईल:

‘स्लाइड 6. स्त्री-पुरुष साक्षरतेतलं अंतर निम्म्यावर. या स्लाइडवर एकच आलेख आहे. सात वर्षं आणि त्याहून मोठ्या व्यक्तींची साक्षरता, टक्क्यांत. 1991: पुरुष 76.56, स्त्रिया 52.32, अंतर 24.24. 2001: पुरुष 85.97, स्त्रिया 67.03, अंतर 18.94. 2011: पुरुष 88.38, स्त्रिया 75.87, अंतर 12.51. उभा अक्ष 50 टक्क्यांपासून सुरू होतो.’

पडद्यावरचा मजकूर आणि लिहिणाऱ्याची भर यांची सरमिसळ होऊ देऊ नये. श्रोत्याला नंतर त्या स्लाइडचा हवाला द्यायचा असेल तर तिथे खरोखर काय लिहिलं होतं हे त्याला कळायला हवं. अ‍ॅनिमेशन असेल, म्हणजे एकेक मुद्दा क्लिकसरशी येत असेल, तर वर्णनात शेवटची पूर्ण स्लाइड द्यावी आणि ‘उत्तर दुसऱ्या क्लिकनंतर येतं’ इतकं सांगावं. काही जण हे वर्णन स्लाइडखालच्या ‘Notes’ मध्ये ठेवतात. तेही चालतं. एनव्हीडीएमध्ये स्लाइडशो चालू असताना Ctrl+Shift+S दाबून स्लाइड आणि नोट्स यांत अदलाबदल करता येते. पण नोट्समध्ये वक्त्याच्या खाजगी आठवणीही असतात, म्हणून मला वेगळी फाइल अधिक बरी वाटते.

ही फाइल आधी पाठवणं इतकं आवश्यक का, हे ऑनलाइन सभांनी दाखवून दिलं आहे. झूमवर आपण पडदा शेअर करतो तेव्हा समोरच्याला पोहोचतं ते केवळ पडद्याचं चलचित्र. आपल्या फाइलमधलं ऑल्ट टेक्स्ट, शीर्षकं, क्रम, यातलं काहीच त्याच्याबरोबर जात नाही. फाइल हाती असेल तरच आपली मेहनत त्याच्या कानापर्यंत पोहोचते. पीडीएफ पाठवायची असेल तर ‘Save As’ मधून करावी आणि ‘Options’ मध्ये ‘Document structure tags for accessibility’ ही खूण राहू द्यावी. प्रिंटच्या वाटेने केलेल्या पीडीएफमध्ये ही रचना उतरत नाही. आणि फाइल पाठवली म्हणून बोलताना मोकळं होता येत नाही. ‘इथे दिसतंय तसं’ याऐवजी ‘1991 मध्ये 24 टक्क्यांचं अंतर होतं, 2011 मध्ये साडेबारा’ असं म्हणायला जेमतेम पाच सेकंद लागतात आणि मागच्या रांगेतल्या डोळसांनाही त्याचा फायदा होतो.

काम नीट झालं का हे कसं कळावं? पॉवरपॉइंटमध्ये ‘Review’ खाली ‘Check Accessibility’ आहे. ते ऑल्ट टेक्स्ट नसलेली चित्रं आणि शीर्षक नसलेल्या स्लाइड पकडतं. पण ऑल्ट टेक्स्टमध्ये नुसतं ‘आलेख’ लिहिलं असेल तर ते समाधानी होतं. तिथे काहीतरी लिहिलं आहे एवढंच त्याला दिसतं. म्हणून एनव्हीडीए उतरवून स्वतः ऐकावं. त्यात ‘Speech Viewer’ नावाची खिडकी आहे. बोललं जाणारं प्रत्येक वाक्य तिथे लिहून येतं, त्यामुळे ऐकायची सवय नसलेल्यालाही कुठे ‘पिक्चर फोर’ उरलंय ते सापडतं. मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जात असेल किंवा गाळला जात असेल, तर पीपीटीतली भाषेची नोंद आणि एनव्हीडीएचा निवडलेला आवाज, दोन्ही तपासावेत.

खरी परीक्षा मात्र रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडूनच होते. त्याला ‘बरं झालंय का?’ असं विचारू नये. भिडस्त माणूस हो म्हणतो. त्याने पीपीटी एकदा ऐकल्यावर तीन प्रश्न विचारावेत: स्त्री-पुरुष साक्षरतेतल्या अंतराचं काय झालं? मुलींचं प्रमाण सर्वांत कमी कुठे? चौथ्या टप्प्यानंतर काय करायचं? डोळस श्रोत्याला जी उत्तरं देता येतात तीच त्याला देता आली, तर वर्णन उतरलं. एखाद्या प्रश्नावर तो अडला, तर दोष त्या स्लाइडच्या शब्दांत आहे आणि ते पुन्हा लिहायचे आहेत. या तपासणीच्या वेळेचा त्याला मोबदलाही द्यावा. हे कौशल्याचं काम आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 42 ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकतं. तुमच्या संस्थेतली उद्याची पीपीटी कुणी तपासायला येणार नाही. तरी निमंत्रणाच्या पत्रात एक ओळ घाला: सादरीकरणाची फाइल आणि स्लाइडवार वर्णन हवं असल्यास कळवा, दोन दिवस आधी पाठवू. आणि कुणी मागितली तर वेळेवर पाठवा.